बाथ तेवढेच, रुपये वेगळे

प्रश्न: नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही नणंदेच्या कुटुंबासोबत बँकॉकला जाऊन आलो. खर्च माझ्या क्रेडिट कार्डावर केला. आता स्टेटमेंट आलंय आणि काही कळेनासं झालंय. हॉटेलचं बिल 8,400 बाथचं होतं, ते आम्ही एकदाच भरलं. स्टेटमेंटमध्ये मात्र हॉटेलच्या नावाने 23,016 आणि दोन दिवसांनी 23,058 अशा दोन रकमा आहेत. आकडे वेगळे आहेत, म्हणजे दुसरा काहीतरी निराळा खर्च असेल, असं हे म्हणतात. सिल्कच्या दुकानात 6,500 बाथची खरेदी केली, तिचे 18,850 रुपये लागलेत, ते जास्त वाटतात. शिवाय 805.56, 807.03, 188.50 आणि 299 असे सुटे आकडे आहेत आणि शेवटी आयजीएसटी 378.02. बँकेत फोन केला तर "मॅडम, इंटरनॅशनल चार्जेस आहेत" एवढंच सांगितलं. पैसे भरायला नऊ दिवस उरलेत. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, हॉटेलच्या दोन रकमांत 42 रुपयांचा फरक आहे, म्हणूनच मला ती दुहेरी वसुली वाटते. भागाकार करून बघा. 23,016 ला 8,400 ने भागलं की 2.74 येतात. 23,058 ला 8,400 ने भागलं की 2.745. दोन्ही वेळा उत्तर स्वच्छ येतं आणि दोन्ही दर एकमेकांच्या अगदी शेजारचे आहेत. निराळा खर्च असता, म्हणजे मिनीबार, धुलाई किंवा जास्तीची खाट, तर त्याची रक्कम नेमकी 8,400 बाथच निघण्याचं काही कारण नव्हतं.

रुपये वेगळे पडले ते दरामुळे. तुम्ही कार्ड मशीनला लावता त्या क्षणी व्यवहाराला फक्त मंजुरी मिळते. रुपयांत रूपांतर होतं ते हॉटेलची बँक तो व्यवहार वसुलीसाठी पुढे पाठवते तेव्हा, म्हणजे एक ते तीन दिवसांनी, आणि दर त्या दिवसाचा लागतो. एकच बिल दोनदा वसुलीला गेलं आणि मध्ये दोन दिवस गेले, तर दोन वेगळे आकडे उमटणारच. परदेशातल्या खर्चाची दुहेरी नोंद लोकांच्या नजरेतून सुटते ती इथेच, कारण आपण रुपयांच्या रकान्यात सारखे आकडे शोधत बसतो. परदेशी खर्च तपासताना रुपयांचा रकाना आधी हाताने झाका आणि मूळ चलनाची रक्कम वाचा. बहुतेक बँका ती व्यवहाराच्या ओळीतच बारीक अक्षरांत छापतात. तुमच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही ओळींवर THB 8,400.00 असेल, तर तुमची अर्धी केस तिथेच उभी राहिली.

आता त्या सुट्या आकड्यांकडे वळू. फोनवर तुम्हाला ज्याचं उत्तर मिळालं नाही ते सगळं या चार आकड्यांत आणि खालच्या करात लिहिलेलं आहे. सुरुवात शेवटून करायची, म्हणजे आयजीएसटीपासून. बँकेच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, खरेदीच्या रकमेवर बँक तो लावत नाही. म्हणून कराच्या रकमेला 0.18 ने भागलं की बँकेने त्या महिन्यात एकूण किती शुल्क लावलं ते कळतं. 378.02 भागिले 0.18 म्हणजे साधारण 2,100. तुम्ही लिहिलेल्या चार सुट्या आकड्यांची बेरीज येते 2,100.09. हिशेब जुळला, म्हणजे पाचवं शुल्क कुठे दडलेलं नाही. बेरीज जुळली नसती तर एखादं शुल्क आपल्या नजरेतून सुटलं असा अर्थ झाला असता. थकबाकीवर व्याज लागलं असेल तर त्यावरही हा कर लागतो, तेव्हा बेरजेत व्याजही धरायचं. आणि कधी कधी मागच्या महिन्याच्या शेवटच्या शुल्काचा कर पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतो, तेव्हा जरा फरक दिसला तर आधी मागचं स्टेटमेंट काढून बघा. कर आयजीएसटी म्हणून लागलाय त्यात काही वावगं नाही, तुमच्या बँकेच्या कार्ड विभागाची नोंदणी दुसऱ्या राज्यात आहे एवढाच त्याचा अर्थ.

यानंतर प्रत्येक शुल्क कुठल्या व्यवहाराचं आहे ते शोधायचं. 805.56 ला 23,016 ने भागा, 3.5 टक्के येतात. 807.03 ला 23,058 ने भागा, पुन्हा 3.5 टक्के. हा तुमच्या बँकेचा परकीय चलन अधिभार, स्टेटमेंटमध्ये बहुतेक FCY MARKUP FEE अशा काही नावाने असेल. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो 3.5 टक्के असतो, काहींवर 2 किंवा त्याहून कमी. कार्डासोबत आलेल्या शुल्कपत्रकात तुमचा दर छापलेला आहे, तो एकदा ताडून पाहा. त्यावर 18 टक्के कर धरला की परदेशातला प्रत्येक खर्च 4.13 टक्क्यांनी वाढतो. पहिला अधिभार रास्त आहे, तो सोडून द्या. दुसरा मात्र जो खर्च तुम्ही केलाच नाही त्यावर लागलाय. तेव्हा हॉटेलच्या दुसऱ्या रकमेची तक्रार करताना फक्त 23,058 मागू नका. त्यात अधिभाराचे 807.03 आणि त्यावरच्या कराचे 145.27 मिळवा. एकूण 24,010.30 होतात. ही मागणी आपण स्वतः लिहिली नाही तर मूळ रक्कम परत येते आणि अधिभार तसाच राहून जातो, हे मी अनेक वाचकांच्या स्टेटमेंटमध्ये पाहिलंय.

188.50 म्हणजे 18,850 चा बरोबर 1 टक्का. या एका आकड्याने सिल्कच्या दुकानात काय झालं ते उघड केलं. बाथमध्ये वसुली झाली असती तर 3.5 टक्के अधिभार लागला असता. इथे 1 टक्काच लागलाय, म्हणजे दुकानदाराच्या मशीनने तुमच्याकडून रुपयांत पैसे घेतले. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन किंवा डीसीसी म्हणतात. मशीन कार्डावरून ओळखतं की ते भारतातलं आहे आणि पडद्यावर विचारतं, बाथ की रुपये? रुपये ओळखीचे म्हणून आपण किंवा दुकानातला मुलगा तेच बटण दाबतो. मग रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने न होता दुकानदाराच्या बाजूची कंपनी आपल्या दराने करते. 18,850 भागिले 6,500 म्हणजे 2.90. त्याच आठवड्यात हॉटेलला 2.74 चा दर लागला होता. जवळपास 6 टक्के जास्त.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण परदेशातल्या दुकानाने रुपयांत बिल केलं तरी आपल्या अनेक बँका त्यावर वेगळं शुल्क लावतात आणि तुमचे 188.50 ते हेच. त्यावरचा कर 33.93. सगळं मिळून तुमची खरेदी 19,072.43 ला पडली. बाथमध्ये पैसे दिले असते तर 2.74 च्या दराने 17,810 आणि त्यावर 4.13 टक्के, म्हणजे 18,545.55 झाले असते. रुपयाचं बटण दाबल्याचे साधारण 527 रुपये. दुबईच्या विमानतळावर एका दुकानात माझ्याही बाबतीत हेच झालं होतं. मला न विचारता बिल रुपयांत निघालं आणि मी पावती न वाचता पर्समध्ये ठेवली. त्यानंतर मी प्रत्येक वेळी कार्ड देण्याआधीच सांगते, "लोकल करन्सी". रुपयांची पावती निघालीच तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावते. घरी आल्यावर ते जमत नाही.

हे 527 परत मिळतील का, हे तुमच्या पावतीवर अवलंबून आहे. कार्ड कंपन्यांचा नियम असा की चलन निवडण्याचा हक्क ग्राहकाचा. पावतीवर बाथमधली रक्कम, वापरलेला दर आणि रुपयांतली रक्कम तिन्ही छापलेली हवीत आणि आपल्याला निवड दिली होती असं वाक्यही हवं. पावती शोधा. त्यावर हे सगळं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ही लढाई सोडून द्या असंच मी सांगेन. बँक तीच पावती पुढे करेल. पण दर छापलेलाच नसेल, किंवा तुम्ही बाथ म्हणाल्याचं तुम्हाला आणि सोबतच्या कुणाला नक्की आठवत असेल, तर चुकीच्या चलनात वसुली झाली म्हणून तक्रार जरूर करा.

बाथच्या रकमांना लागलेला दर बरोबर आहे का, हेही याच वेळी तपासून घ्या. कार्डाचा नंबर 4 ने सुरू होत असेल तर व्हिसा, 5 ने होत असेल तर मास्टरकार्ड. दोघांच्याही संकेतस्थळावर दर दाखवणारं गणकयंत्र आहे. तारीख मात्र खरेदीची न घालता स्टेटमेंटमधली पोस्टिंगची किंवा तिच्या आधल्या दिवसाची घाला आणि बँकेच्या शुल्काच्या जागी शून्य ठेवा, कारण तुमच्या बँकेने अधिभार वेगळ्या ओळीत दाखवलाय. काही बँका अधिभार रकमेतच मिसळतात, तिथे तो टक्का भरावा लागतो, नाहीतर दर उगाच चुकीचा वाटतो. गूगलवर दिसणाऱ्या दराशी तुलना करू नका. तो बाजारातला मधला दर असतो आणि कार्डाला तो सहसा मिळत नाही. पैशांतला फरक दिसला तर तो तारखेचा असतो. दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक दिसला तर मात्र बँकेकडून लेखी उत्तर मागा.

राहिले 299. हा आकडा कुठल्याच खरेदीच्या टक्केवारीत बसत नाही. असा गोल वाटणारा, 99 ने संपणारा आकडा दिसला की मला कार्ड संरक्षण योजना किंवा विम्यासारख्या एखाद्या वर्गणीचा संशय येतो. तुम्ही प्रवासाला निघण्याआधी बँकेकडून कुणाचा फोन आला होता का, आठवून पाहा. "पहिला महिना मोफत" असं सांगून हो म्हणवून घेतात आणि पुढच्या महिन्यापासून पैसे कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे, कार्ड देताना स्पष्ट सांगितलेलं नाही आणि ज्याला तुमची स्पष्ट संमती नाही असं शुल्क बँकेला लावता येत नाही, सरकारी कर तेवढे वगळून. म्हणून बँकेला एवढंच लिहा: 299 कशाचे, आणि माझ्या संमतीचा पुरावा द्या. संमती नसेल तर 299 आणि त्यावरचा कर 53.82 परत करून योजना बंद करावी. बंद करा हे शब्द विसरू नका, नाहीतर एका महिन्याचे पैसे परत येतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कापले जातात. मागची पाच-सहा स्टेटमेंटही चाळा, 299 आधीपासून जात असतील.

आता तक्रार. फोन पुरेसा नाही हे तुम्ही अनुभवलंच आहे. बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर व्यवहाराबद्दल वाद नोंदवायचा अर्ज असतो, तो भरा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. अर्जात कारण निवडताना "फसवणूक" किंवा "हा व्यवहार मी केला नाही" यावर खूण करू नका. हॉटेलात तुम्ही राहिलात, कार्डही दिलंत. फसवणूक म्हटलं की बँक कार्ड बंद करून नवं पाठवते आणि मग हॉटेल तुमच्या राहण्याचा पुरावा देतं, तुमची खरी तक्रार बाजूलाच राहते. तुमचं कारण "दुहेरी वसुली" हे आहे. अनोळखी नावाचा व्यवहार निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा कार्ड लगेच बंद करून तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला कळवायचं असतं.

सोबत हॉटेलचं बिल आणि कार्डाची पावती जोडा. पावतीवर APPR CODE असा सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांक असतो. त्या दिवशी तुम्हाला मंजुरीचे एसएमएस किती आले तेही तपासा. एकच आला असेल तर एका मंजुरीवर हॉटेलने दोनदा वसुली पाठवली असा अंदाज बांधता येतो. दोन आले असतील तर मशीन अडकलं असं वाटून काउंटरवरच्या माणसाने कार्ड पुन्हा लावलं असेल आणि पहिली मंजुरी रद्द करायची राहिली असेल. दोन्हींत पैसे तुमचेच, पण बँकेला नेमकं सांगता आलं तर उत्तर लवकर येतं. आणखी एक गोष्ट मागा: दोन्ही ओळींचे एआरएन. वसुलीला गेलेल्या प्रत्येक व्यवहाराला 23 अंकी क्रमांक मिळतो, त्याला एआरएन म्हणतात. दोन वेगळे एआरएन निघाले तर वसुली खरोखर दोनदा गेली हे सिद्ध होतं, आणि ते दोन क्रमांक हॉटेलला पाठवले की त्यांच्या हिशेबनिसाला आपल्या नोंदीत शोधणं सोपं जातं.

हॉटेललाही ईमेल करा, पण त्यांच्या भरवशावर थांबू नका. "आम्ही बघतो" म्हणत दोन महिने जातात. व्हिसाच्या नियमांत दुहेरी वसुलीच्या दाव्याला 120 दिवस मिळतात, मास्टरकार्डच्या नियमांत 90, आणि ती मुदत बँकेने पुढे दावा करायची आहे. तुम्ही बँकेला कळवण्याची मुदत बहुतेक ठिकाणी त्याहून कमी, 30 ते 60 दिवस असते. हॉटेलला आठवडा द्या आणि बँकेचा अर्ज आजच भरा. हॉटेलने स्वतः 8,400 बाथ परत केले तर ते त्या दिवशीच्या दराने जमा होतील, म्हणून नेमके 23,058 दिसणार नाहीत. तसं झालं तर घाबरू नका, पण अधिभार आणि कराचे 952.30 बँकेकडे वेगळे मागा.

नऊ दिवसांचं काय करायचं? घरात सोय असेल तर पूर्ण रक्कम भरून टाका, वादातली सुद्धा. मला माहीत आहे, न केलेल्या खर्चाचे 24 हजार भरताना जिवावर येतं. पण एकूण देय रकमेपेक्षा कमी भरलं की बिनव्याजी मुदत जाते आणि बऱ्याच कार्डांवर महिन्याला 3.5 टक्क्यांच्या आसपास व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं, नव्या खरेदीवरही. तक्रार मान्य झाली की रक्कम कार्डावर जमा होते, बुडत नाही. इतकी सोय नसेल तर वादातली रक्कम वगळून बाकी सगळी भरा. त्याआधी निकाल लागेपर्यंत या रकमेवर व्याज आणि उशिराचं शुल्क लावणार नाही, हे बँकेकडून ईमेलवर घ्या. नुसत्या तोंडी आश्वासनावर कमी भरू नका. तपास चालू असताना बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली तर ती लगेच खर्च करू नका, हॉटेलचं म्हणणं मान्य झालं तर ती पुन्हा काढून घेतली जाते.

चुकीच्या बिलाबद्दल तक्रार आली की बँकेने 30 दिवसांच्या आत खुलासा, आणि गरज असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख करा आणि 31व्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख विचारतात, म्हणून सुरुवातीचा तो अर्ज महत्त्वाचा.

आज रात्री फक्त एक करा. हॉटेलच्या त्या दोन ओळींवर मूळ चलन छापलंय का ते पाहा. दोन्हीकडे 8,400 असतील तर अर्ज भरा आणि यांनाही तो भागाकार करून दाखवा. हॉटेलचं उत्तर आलं की मला नक्की कळवा.